ड्रायव्हर कोर्टातून सुटला, म्हणून नुकसानभरपाईचा दावा संपत नाही

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात सूसमध्ये ग्रामसंघाची बैठक झाली. बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांच्या मालकांना तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर टेम्पोनं उडवलं, त्यात ते गेले. टेम्पोवाल्यावर पोलीस केस झाली होती, तिचा निकाल लागला आणि टेम्पोवाला निर्दोष सुटला. ताई म्हणाल्या, "एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, आता क्लेमची केस काढून घ्या. कोर्टानंच त्याला सोडलंय, मग तुम्हाला पैसे कोण देणार? म्हणून विचारायला थांबले."

त्या माणसानं सांगितलं ते चूक आहे. पण ही चूक इतक्या घरांत होते, की यावेळचा कायद्याचा पाठ आपण यावरच घेऊ. हा पाठ गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, मधे थांबून प्रश्न विचारा.

अपघात एक, खटले दोन

रस्त्यावर एखाद्याचा जीव गेला की त्या एका घटनेतून दोन वेगळी प्रकरणं सुरू होतात. घरच्यांना ती एकच वाटतात, कारण दोन्हीकडे तोच ड्रायव्हर, तोच पंचनामा, तेच साक्षीदार असतात.

पहिलं प्रकरण फौजदारी. पोलीस एफ.आय.आर. नोंदवतात, चार्जशीट दाखल करतात आणि खटला मॅजिस्ट्रेटसमोर चालतो. हा खटला सरकार विरुद्ध ड्रायव्हर असा असतो, आपण त्यात फार तर साक्षीदार असतो. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली यायचा. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. प्रश्न एकच असतो: या माणसाला शिक्षा करायची का?

दुसरं प्रकरण नुकसानभरपाईचं. ते मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतं. आपल्याकडे त्याला सरळ 'क्लेम कोर्ट' म्हणतात, आणि पुणे जिल्ह्याचं क्लेम कोर्ट शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. इथे दावा आपण करतो, आणि समोर ड्रायव्हर, गाडीचा मालक आणि विमा कंपनी असे तिघं असतात. इथला प्रश्न वेगळा: घरातला कमावता माणूस गेला, त्याचा भार कोणी उचलायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून दुसऱ्याचंही 'नाही'च येईल असं नसतं. का, ते आता पाहू.

पुराव्याचं माप वेगळं

आपल्या गटातलंच उदाहरण घेऊ. समजा, गटाच्या पेटीत दोन हजार रुपये कमी भरले. पेटी कोषाध्यक्ष ताईंच्या घरी होती आणि किल्लीही त्यांच्याकडे. आता दोन गोष्टी ठरवायच्या आहेत.

एक, ताईंनी चोरी केली म्हणून पोलिसांत द्यायचं का? इथे सगळ्या जणी म्हणतील, थांबा. कुणी पाहिलं का? घरात दुसरं कुणी येत-जात होतं का? पैसे मोजतानाच चुकले असतील तर? पक्की खात्री नसताना बाईच्या कपाळावर चोरीचा शिक्का मारायचा नाही.

दोन, दोन हजार कोणी भरायचे? इथे गट म्हणतो, पेटी तुमच्या ताब्यात होती, नोंद ठेवायची जबाबदारी तुमची होती, बहुतेक तुमच्याच हयगयीनं पैसे गेलेत, तेव्हा भरून द्या.

पैसे तेच आणि ताईही त्याच, पण दोन्ही ठराव खरे आहेत आणि ते एकमेकांशी भांडत नाहीत.

कोर्टातही असंच असतं. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मनात रास्त शंका उरली, तर तिचा फायदा आरोपीला मिळतो, कारण त्याला तुरुंगात पाठवायचं असतं. क्लेम कोर्टात मात्र दोन्ही बाजूंचा पुरावा तराजूत ठेवतात आणि कोणती गोष्ट अधिक संभवनीय वाटते ते पाहतात. पारडं थोडं जरी आपल्याकडे झुकलं तरी पुरतं.

दुसरा फरक निष्काळजीपणाच्या दर्जाचा आहे. शिक्षा करायला बेदरकारपणा किंवा घोर हयगय दिसावी लागते. भरपाई द्यायला मात्र साध्या, शहाण्या ड्रायव्हरनं घेतली असती तेवढी काळजी त्यानं घेतली नाही, एवढं दिसलं तरी चालतं.

सर्वोच्च न्यायालयानं काय सांगितलं

ही गोष्ट नवी नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात एन. के. व्ही. ब्रदर्स या बस कंपनीचं प्रकरण आलं होतं. रात्रीच्या वेळी त्यांची बस रस्त्यावर लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला लागली. सव्वीस जणांना इजा झाली, त्यातले आठ जण जागीच गेले. फौजदारी कोर्टानं ही देवाची करणी मानली आणि ड्रायव्हरला सोडून दिलं.

क्लेम कोर्टानं मात्र पुरावा स्वतः तपासला. पुढे तार लोंबतेय म्हणून प्रवासी ओरडत होते, तरी ड्रायव्हरनं बस तशीच पुढे नेली, असं त्याला दिसलं आणि त्यानं भरपाई दिली. कंपनीचं म्हणणं होतं, फौजदारीत ड्रायव्हर सुटला म्हणजे दावाही पडला पाहिजे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं ते नाकारलं. शिक्षेसाठी लागणारी बेदरकारी भरपाईसाठी लागणाऱ्या निष्काळजीपणापेक्षा मोठी असते, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. दावा न्यायाधिकरणांनी किरकोळ तांत्रिक कारणांवरून गरिबांचे दावे फेटाळू नयेत, असंही बजावलं.

दुसरं प्रकरण आपल्या शेजारचं, गोव्याचं. पिकअप गाडीच्या अपघातात स्कूटरवरचा माणूस गेला आणि घरच्यांनी दावा केला. पिकअपचा ड्रायव्हर फौजदारी खटल्यातून सुटला होता. क्लेम कोर्टानं घरच्यांच्या साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, उच्च न्यायालयातही त्यांच्या हाती काही लागलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली निकाल घरच्यांच्या बाजूनं लागला. न्यायालय म्हणालं की निष्काळजीपणा अधिक संभवनीय काय या मापानं तोलायचा होता, वाजवी संशयापलीकडच्या मापानं नाही. तपासानंतर ड्रायव्हरवर खटला चालवण्याइतकं साहित्य पोलिसांना मिळालं होतं, तेही नजरेआड करता येत नाही.

म्हणजे ड्रायव्हर सुटला तरी चार्जशीट, पंचनामा, गाडीचा तपासणी अहवाल ही कागदं रद्दी होत नाहीत. क्लेम कोर्ट ती पाहतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत

आता एक काल्पनिक उदाहरण धरू. सूस खिंडीच्या उतारावर संध्याकाळी मोटारसायकलला समोरून येणाऱ्या टेम्पोनं धडक दिली. मोटारसायकलवरचा माणूस ३४ वर्षांचा होता आणि दूध घालायचा. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई राहिली.

फौजदारी खटल्यात चहाच्या टपरीवाल्यानं साक्ष दिली. पोलिसांना त्यानं सांगितलं होतं, "टेम्पो भरधाव होता." कोर्टात उलटतपासणीत म्हणाला, "मी आवाज ऐकून वळलो, धडक बघितली नाही." दुसरा साक्षीदार फितूर झाला. मॅजिस्ट्रेटनं लिहिलं की 'भरधाव' या एका शब्दावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही आणि धडक कशी झाली हे कुणीच पाहिलेलं नाही. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला. मॅजिस्ट्रेटचं यात काही चुकलं नाही.

क्लेम कोर्टात हेच प्रकरण वेगळं दिसतं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मोटारसायकल आपल्या डाव्या बाजूला पडलेली आहे. टेम्पोच्या टायरचे घासलेले पट्टे मधली रेषा ओलांडून चुकीच्या बाजूला आलेले आहेत. तपासणी अहवालात टेम्पोला यांत्रिक दोष नाही, म्हणजे 'ब्रेक फेल झाला' ही सबब उरत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ड्रायव्हर साक्षीला येतच नाही. फौजदारीत आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे, त्याच्या गप्प बसण्यावरून काही धरता येत नाही. क्लेम कोर्टात मात्र काय घडलं हे ज्याला नक्की माहीत आहे तोच पिंजऱ्यात येत नसेल, तर त्याचा अर्थ त्याच्याविरुद्ध लावता येतो. सगळं एकत्र पाहता टेम्पो चुकीच्या बाजूनं आला हेच जास्त संभवनीय ठरतं, आणि दावा उभा राहतो.

रक्कम कशी ठरते तेही बघू. याची पद्धत सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे.

समजा, दुधाच्या धंद्यातून महिना १५,००० रुपये मिळकत सिद्ध झाली. माणूस स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला होता, म्हणून पुढे वाढणाऱ्या मिळकतीसाठी ४० टक्के, म्हणजे ६,००० मिळवायचे. झाले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. त्यातला काही भाग तो स्वतःवर खर्च करणार. मागे चार जण अवलंबून आहेत, म्हणून चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १,८९,०००. वय ३१ ते ३५ मध्ये असेल तर याला १६ नं गुणायचं. झाले ३०,२४,००० रुपये. यावर अंत्यविधीचा खर्च आणि घरच्यांनी गमावलेली माया-सोबत यांसाठी ठरलेल्या छोट्या रकमा मिळतात, आणि व्याजही लागतं.

मोटारसायकलवाल्याचीही २० टक्के चूक होती असं कोर्टाला वाटलं, तर सगळी रक्कम जात नाही, २० टक्के कापली जाते. तीस लाख चोवीस हजारांतून ६,०४,८०० गेले तरी २४,१९,२०० उरतात. फौजदारीत असं अर्धंमुर्धं नसतं, आरोपी दोषी तरी असतो किंवा सुटतो तरी. क्लेम कोर्टात चुकीची वाटणी करता येते. सुटकेचा निकाल इथे बंधनकारक का नाही, याचं हेही एक कारण आहे.

आता विचार करा, ओळखीच्या माणसाचं ऐकून त्या बाईनं दावा काढून घेतला असता, तर ही सगळी रक्कम गेली असती.

खरं नुकसान कुठे होतं

सुटकेच्या निकालानं दावा बुडत नाही. दावा बुडतो तो आपल्या हातून होणाऱ्या तीन चुकांमुळे.

पहिली चूक वाट बघण्याची. "आधी पोलीस केसचा निकाल लागू दे, मग क्लेम टाकू," असं पुष्कळ घरं म्हणतात. फौजदारी खटला चार-पाच वर्षंही चालू शकतो. पण १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात मुदत आली आहे: अपघात झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. तेरावं झालं की कागद गोळा करायला लागा. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू शकतात, एकासाठी दुसरं थांबत नाही. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, पण तो गेला असेल असं धरून बसू नका. आपला अर्ज आपण करा.

दुसरी चूक गावातल्या समझोत्याची. टेम्पोवाल्याकडचे लोक येतात, पन्नास हजार हातावर ठेवतात आणि म्हणतात, "गरीब पोरगं आहे, कोर्टात एवढंच सांगा की चूक तुमच्या माणसाची होती." दया येते, पैशाची नड असते, बाई तसं सांगून येते. ड्रायव्हर सुटतो. पण तिचं ते शपथेवरचं बोलणं कागदावर राहतं. उद्या विमा कंपनीचा वकील क्लेम कोर्टात तोच कागद पुढे करतो, "ताई, हे तुम्हीच सांगितलंत ना?" ड्रायव्हर सुटला म्हणून दावा पडत नाही, पण आपल्याच तोंडून गेलेल्या वाक्यानं पडू शकतो. माहीत नसेल तर 'मी पाहिलं नाही' म्हणा, पण खोटं सांगू नका. कशावरही अंगठा किंवा सही करण्याआधी कागद वाचून घ्या.

तिसरी चूक कागद न जपण्याची. मॅजिस्ट्रेट कोर्टातला खटला संपला की घरचे फाईल माळ्यावर टाकतात. एफ.आय.आर., घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, चार्जशीट, गाडीचा तपासणी अहवाल आणि विम्याचा तपशील यांच्या नकला एका पिशवीत ठेवा. मिळकतीसाठी दूध डेअरीचं पुस्तक, बँकेचं पासबुक, आणि आपल्या गटाच्या वहीतली बचतीची नोंदसुद्धा उपयोगी पडते.

निकाल हातात आला की काय वाचायचं

ड्रायव्हर सुटला तर आधी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या आणि शेवटची दोन-तीन पानं कुणाकडून तरी वाचून घ्या. सुटका झाली एवढंच न बघता ती का झाली ते बघा.

'साक्षीदार फितूर', 'संशयाचा फायदा', 'पुरावा अपुरा' असं लिहिलेलं असेल, तर क्लेमला त्यानं फारसा फरक पडत नाही. पण 'या टेम्पोनं धडक दिल्याचंच दिसत नाही, गाडी चुकीची गोवली आहे' असं काही लिहिलेलं असेल, तर सावध व्हा. तेव्हाही क्लेम कोर्ट स्वतःसमोरच्या पुराव्यावरच ठरवतं, पण विमा कंपनी त्याच मुद्द्यावर जोर देणार. हाच टेम्पो होता हे दाखवणारा पुरावा, म्हणजे टेम्पोच्या पुढच्या भागावरचे ठोकर लागल्याचे डाग, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, किंवा ताबडतोब नंबर सांगणारा माणूस, आपल्याला उभा करावा लागेल. गाडी कोणती हेच सिद्ध झालं नाही, तर कलम १६६ चा दावा टिकत नाही.

हेही ध्यानात ठेवा की उलटंही खरं आहे. ड्रायव्हरला शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही. तिथेही अर्ज करावा लागतो, पुरावा द्यावा लागतो.

कुठे जायचं

अपघात सोलापूरकडे झाला असला तरी दावा आपण राहतो तिथल्या क्लेम कोर्टात टाकता येतो. त्यामुळे सूसच्या बाईला शिवाजीनगरच पुरतं. वकिलाची फी परवडत नसेल तर त्याच न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिला आहे. आणि क्लेम कोर्टानं 'फौजदारीत सुटला' एवढ्याच कारणावरून दावा फेटाळला, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

त्या ताईंनी दावा काढून घेतलेला नाही. पुढच्या तारखेला पंचनाम्याची नक्कल घेऊन त्या शिवाजीनगरला जाणार आहेत, आणि ग्रामसंघातल्या आम्ही दोघी सोबत जाणार आहोत.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. पेटीतल्या दोन हजारांच्या उदाहरणात दोन्ही ठराव एकाच वेळी बरोबर कसे, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. वरच्या उदाहरणातला माणूस ३४ वर्षांचाच, पण मिळकत महिना १२,००० असती, तर गुणाकारानंतरची रक्कम किती झाली असती? गटाच्या हिशोबनीस ताईंनी फळ्यावर करून दाखवा. (उत्तर: २४,१९,२०० रुपये.)
३. आपल्या वस्तीत गेल्या सहा महिन्यांत अपघातात कुणाचा माणूस गेला आहे का? त्या घरानं दावा टाकला का? नसेल, तर या आठवड्यात कोण जाऊन सांगणार?